माल किती रुपयांना पडला, हे जुन्या बिलांतून काढणाऱ्या मुलीची गोष्ट

प्रश्न : आमचं गावात किराणा दुकान आहे. रोजची विक्री आठ-दहा हजारांची, तरी महिनाअखेर होलसेलवाल्याचं देणं भागवताना बाबांची ओढाताण होते. खरेदीची जुनी बिलं सगळी आहेत, विक्रीची मात्र नाहीत. त्यावरून कुठला माल तोट्यात जातोय हे काढता येईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : काढता येईल. गेली सत्तावीस वर्षं मी किराणा आणि भुसार दुकानांचे हिशोब आणि कराचे कागद पाहतो. तुमचा प्रश्न वाचताच मला सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी आठवली. ती तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. २०२३ च्या दिवाळीनंतर तिने वडिलांच्या दुकानाचा असाच हिशोब मांडला आणि तो घेऊन ती माझ्याकडे आली. त्यात ती कुठे चुकली, कुठे अडली आणि शेवटी तिला काय सापडलं, हे सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच येईल.

तिचे वडील, त्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, बिलं तारेत ओवून ठेवायचे. एक तार भरली की ती खिळ्याला टांगायची आणि दुसरी सुरू करायची. मुलीने तारा खाली काढल्या तेव्हा पहिली अडचण समोर आली. छोट्या मशीनमधून गुळगुळीत कागदावर निघालेल्या बिलांवरचे आकडे उडून गेले होते. वर्षभरापूर्वीची अशी बिलं जवळजवळ कोरी होती. छापील बिलबुकातली आणि साध्या प्रिंटरची बिलं तेवढी शाबूत होती. म्हणून तिने ऑगस्ट ते नोव्हेंबर अशी चार महिन्यांचीच बिलं घेतली, आणि ते पुरेसं ठरलं. तुमच्याकडेही अशी बिलं असतील तर आजच त्यांचे फोटो काढून ठेवा.

दुसरी अडचण तुमचीच आहे. खरेदीचा कागद आहे, विक्रीचा नाही. रोख गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि गल्ल्यात फक्त एकूण रक्कम उरते. पण आप्पांकडे उधारीची वही होती. तिच्या प्रत्येक पानावर तारीख, माल, वजन आणि रक्कम होती : ‘साखर २ कि. ८६’, ‘चुरमुरे अर्धा २९’. म्हणजे कोणत्या तारखेला कोणता माल कोणत्या भावाने गेला याची लेखी साक्ष घरातच होती. रोखीचा आणि उधारीचा भाव एकच आहे एवढं तिने आप्पांना विचारून पक्कं केलं. विक्रीची बिलं नसलेल्या बहुतेक दुकानांत ही वही असते, आणि तिच्याकडे देणेकऱ्यांची यादी एवढ्याच नजरेने पाहिलं जातं.

तिने चाळीस जिनसांची यादी केली. बिलातला भाव एका रकान्यात, वहीतला भाव दुसऱ्यात आणि दोन्हींतला फरक तिसऱ्यात. पहिल्या फेरीत चाळीसच्या चाळीस जिनसांत नफा दिसला. साखर ४० ला घेतलेली आणि ४३ ला विकलेली. अंगाच्या साबणाचा चार वड्यांचा संच ९१ रुपये ५३ पैशांना घेतलेला आणि १०५ ला विकलेला. ती म्हणाली, “काका, कागदावर सगळं फायद्यात आहे. मग पैसे जातात कुठे?”

मी तिला विचारलं, दुकानाचा जीएसटी कोणत्या पद्धतीचा? दुकान कंपोझिशनमध्ये होतं. गावातली बरीच दुकानं त्यातच असतात, कारण कागदपत्रं कमी लागतात आणि व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर फक्त एक टक्का कर भरावा लागतो. पण त्याच्या दोन अटी आहेत. गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीत नोंदणी असलेला दुकानदार खरेदीवरचा कर वजा करून घेतो, म्हणून त्याने कराआधीची रक्कम धरली तर बरोबर आहे. कंपोझिशनवाल्यासाठी मात्र खरेदीच्या बिलाखाली लावलेला कर हा मालाच्या किमतीचाच भाग असतो. तिने प्रत्येक ओळीतला कराआधीचा भाव घेतला होता, कारण बिलात तोच ठळक रकाना असतो. साबणावर तेव्हा १८ टक्के कर होता. म्हणजे ९१.५३ चा संच खरं तर १०८ ला पडला होता आणि विकला जात होता १०५ ला.

तुमचं दुकान कोणत्या पद्धतीत आहे ते आधी पाहा. नोंदणीच नसेल तरीही खरेदीवरचा कर तुमच्या किमतीत धरायचा. ही एक गोष्ट चुकली तर पुढचा सगळा हिशोब वाया जातो.

या साबणाची गोष्ट इथे संपली नाही. मुलगी आप्पांना म्हणाली की साबण तीन रुपये तोट्यात जातोय, तर आप्पा चिडलेच. “मी साबण ९९ ला आणतो. मला शिकवू नकोस.” आणि त्यांचंही बरोबर होतं. तिने सप्टेंबर-ऑक्टोबरची बिलं पुन्हा काढली. तेव्हा अकरा संचांवर एक फुकट अशी स्कीम होती. फुकटचा नग बिलात खाली वेगळ्या ओळीत, शून्य भावाने लिहिलेला होता, म्हणून पहिल्या वेळी तिच्या नजरेतून सुटला. अकरा संचांचे ११८८ रुपये, हातात बारा संच, म्हणजे एक ९९ ला. हायवेवरच्या मोठ्या दुकानाशी बरोबरी करायची म्हणून आप्पांनी १२० छापील किमतीचा संच १०५ ला लावला, तो त्याच दिवसांत. ९९ च्या मालावर तो निर्णय योग्यच होता.

दिवाळी झाली आणि स्कीम बंद पडली. नोव्हेंबरच्या बिलात ती शून्य भावाची ओळ नाही. वरचा भाव मात्र तोच, ९१.५३ अधिक कर. बिल हातात आलं तेव्हा आप्पांनी नेहमीप्रमाणे भावाचा रकाना पाहिला. तो बदलला नव्हता, म्हणून त्यांनीही विक्रीचा भाव बदलला नाही. संच १०८ ला पडू लागला, त्यावर विक्रीचा एक टक्का कर १ रुपया ५ पैसे, आणि विक्री १०५ ला. प्रत्येक संचामागे चार रुपये जाऊ लागले. मी आजवर तपासलेल्या दुकानांत तोट्याने विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालामागे बहुतेक वेळा हेच कारण निघालं आहे : स्कीमच्या दिवसांत लावलेला भाव स्कीम संपल्यावर तसाच राहतो. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे त्याच मालाची लागोपाठची तीन बिलं शेजारी ठेवायची आणि भावाचा रकाना न पाहता, त्या मालापोटी दिलेली एकूण रक्कम करासकट घेऊन हातात आलेल्या एकूण नगांनी भागायची. फुकटचे नग आणि बिलाखाली वजा केलेली सूट दोन्ही त्यात आपोआप धरले जातात.

आता सुट्या मालाकडे येतो. साखरेचा हिशोब तिने फार मन लावून केला, म्हणून तो पूर्ण देतो. भाव तेव्हाचे आहेत. क्विंटलला ४००० म्हणजे पन्नास किलोचं पोतं २००० रुपयांना, त्यावर ५ टक्के कर १००, झाले २१००. माल कराडहून टेंपोने यायचा. एका खेपेचं भाडं ९०० आणि दोन्हीकडची हमाली ३००, खेपेत साधारण चाळीस नग. म्हणजे नगामागे ३० रुपये, आणि पोतं दुकानात पडलं २१३० ला.

या २१३० ला पन्नासने भागायचं, असं कोणीही म्हणेल. तिने तसं केलं नाही. आठ दिवस ती संध्याकाळी दुकानात बसली आणि आप्पांनी बांधलेल्या अर्धा किलोच्या पुड्या गिऱ्हाईकाला देण्याआधी पुन्हा काट्यावर ठेवून बघितल्या. एका पुडीत सरासरी सात ग्रॅम जास्त जात होते. गिऱ्हाईकासमोर काटा थोडा झुकता ठेवायची आप्पांची सवय, आणि ती त्यांच्या वडिलांपासूनची. पोत्यात शंभर पुड्या, म्हणजे सातशे ग्रॅम. विकायला खरी मिळते ४९.३ किलो. २१३० भागिले ४९.३ म्हणजे ४३ रुपये २० पैसे. पुडीची पिशवी किलोमागे ४० पैसे आणि विक्रीचा एक टक्का ४३ पैसे. सगळं मिळून ४४ रुपये ३ पैसे. विक्री ४३ ला.

आप्पांच्या डोक्यातला हिशोब होता ४० ला घेतो, ४३ ला देतो, तीन रुपये सुटतात. आठवड्याला दोन पोती जायची. शंभर किलोवर तीनशे रुपये मिळतात असं ते धरून चालले होते आणि प्रत्यक्षात शंभर रुपये जात होते. तुमच्या बाबांची ओढाताण समजून घ्यायची तर हा चारशेचा फरक नीट पाहा. खरा तोटा आठवड्याला शंभरचाच आहे, वर्षाला पाच हजारांच्या आसपास, आणि तेवढ्याने दुकान बुडत नाही. पण माणूस न मिळालेल्या नफ्याच्या भरवशावर घरखर्च करतो आणि व्यापाऱ्याला तारीख देतो. एका साखरेतच वर्षाला वीस हजारांवर रक्कम अशी होती की जी आप्पांच्या मनात होती आणि गल्ल्यात नव्हती.

चुरमुऱ्यांवर आमचा वाद झाला. तिने टेंपोचं भाडं आधी मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटलं होतं : साठ हजारांचा माल, बाराशे खर्च, म्हणजे सरसकट दोन टक्के. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. पण चुरमुऱ्यांचं पोतं नऊ किलोचं, ४६८ रुपयांचं, आणि आकाराने साखरेच्या पोत्याहून मोठं. दोन टक्क्यांनी त्याच्या वाट्याला सव्वानऊ रुपये येतात. टेंपोवाला मात्र जागेचे पैसे घेतो, आणि गाडीत ते पोतं एका नगाची जागा अडवतंच, उलट थोडी जास्तच. म्हणून त्याला निदान ३० रुपये लावायला हवेत. ४९८ झाले. तळाला अर्धा किलो चुरा राहतो आणि तो कोणी घेत नाही. साडेआठ किलोने भागले तर किलोला ५८ रुपये ५९ पैसे. विक्री ५८ ला. किमतीच्या प्रमाणात भाडं वाटलं असतं तर हाच माल किलोमागे पावणेदोन रुपये नफ्यात दिसला असता. चुरमुरे, पोहे, फरसाण, पापड अशा फुगीर मालाचा तोटा या वाटणीमागे लपतो. याउलट जिरं, वेलची, चहापावडर यांच्यावर टक्क्याने भाडं लादलं की ती उगाच महाग दिसतात.

एका ठिकाणी मात्र तिने चुकीचा आरोप केला. शेंगदाणे तोट्यात आहेत असं तिच्या यादीत आलं : पडले १२८ ला आणि विकले १२२ ला. मी तारखा विचारल्या. वहीतली विक्री ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली होती आणि तिने लावलेलं बिल त्याच महिन्याच्या अखेरचं. त्या आठवड्यात जे शेंगदाणे विकले ते सप्टेंबरच्या पोत्यातले होते, ११२ ला पडलेले. किलोला दहा रुपये नफा झाला होता. प्रत्येक विक्रीला तिच्या आधीचं बिल लावायचं, आणि मधे दोन खेपा आल्या असतील तर जुनं पोतं आधी संपलं असं धरायचं. पण त्यावर आप्पा निर्धास्त झाले तेव्हा मला त्यांनाही थांबवावं लागलं. पुढचं पोतं १२८ ला येणार असेल आणि तुम्ही जुनं १२२ ला संपवत असाल, तर त्या पैशांत तेवढं पोतं पुन्हा भरत नाही. झालेला नफा जुन्या बिलावर मोजायचा, पण आजचा विक्रीभाव मात्र नव्या बिलाकडे पाहून ठरवायचा. आप्पांची गल्लत नेमकी इथे होती. जुना माल संपेपर्यंत जुनाच भाव ठेवणं हा त्यांना प्रामाणिकपणा वाटायचा. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण भाव चढत असताना दर खेपेला थोडी उधारी वाढते ती यामुळेच.

चाळीसपैकी सात जिनसा पडलेल्या भावाखाली निघाल्या. मुलीला वाटत होतं की सातही जिनसांचे भाव दुसऱ्या दिवशी वाढवावेत. साबणाचा संच ११४ ला केला आणि चुरमुरे ६४ ला, त्यावर कोणी काही बोललं नाही. साखरेला आप्पांनी हात लावू दिला नाही. “साखरेचा भाव गिऱ्हाईकाला तोंडपाठ असतो, चुरमुऱ्यांचा नसतो.” हे त्यांचं वाक्य मी अनेकांना सांगितलं आहे, कारण ते चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून आलेलं आहे. जिचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो अशा वस्तूवरून लोक दुकान महाग की स्वस्त ते ठरवतात.

मग तिने एक छान गोष्ट केली. वहीची पानं पुन्हा उलटून साखरेबरोबर दुसरं काय गेलं ते पाहिलं. बहुतेक घरांच्या ओळीत साखरेसोबत चहापावडर, डाळ, मसाला होता. त्या मालात किलोमागे वीस-पंचवीस रुपये सुटत होते. अशा घराला साखर एक रुपया तोट्याने दिली तर ते परवडतं. पण एका पानावर नुसती साखरच साखर होती. स्टँडवरचा चहावाला आठवड्याला पंधरा किलो न्यायचा, दुसरं काही नाही, आणि महिन्याने पैसे द्यायचा. त्याला आप्पांनी जुनी ओळख सांभाळून ४५ चा भाव सांगितला. तो तीन आठवडे दुसरीकडे गेला, मग परत आला. तो परत आला नसता तरी दुकानाचं नुकसान नव्हतं. घरगुती गिऱ्हाईकांसाठी साखर ४४ झाली, म्हणजे पडलेल्या भावाच्या आसपास, आणि आप्पांनी ते स्वतःहून मान्य केलं. काटा झुकता ठेवायची सवय त्यांनी सोडली नाही, मुलीनेही तो विषय पुन्हा काढला नाही.

या हिशोबाची एक मर्यादा सांगायला हवी. यात दुकानाचं भाडं, वीज, बुडालेली उधारी, उंदरांनी आणि पावसाने खाल्लेला माल धरलेला नाही. पडलेल्या भावापेक्षा एक रुपया वर विकला जाणारा माल तोट्यात नाही एवढंच यातून कळतं, तो दुकानाचा खर्च उचलतो असं नाही. म्हणून मी पडलेल्या भावाच्या खालच्या जिनसांवर लाल खूण करायला लावतो आणि तीन टक्क्यांच्या आत राहणाऱ्यांवर पिवळी. पिवळ्या जिनसा जास्त खपाच्या असतील तर त्यांचीही चौकशी करा.

तुमच्या बिलांसाठी आणखी एक सूचना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर त्या तारखेआधी घेतलेला माल जुन्या कराने पडलेला आहे आणि त्यानंतर आलेला नव्या कराने. त्या दोन्ही बिलांची सरासरी काढू नका, तारखेची रेघ मारून वेगळी ठेवा. त्या आठवड्यांत जुना साठा नव्या उतरलेल्या भावाने विकावा लागला असेल तर तो तोटा एकदाच झालेला आहे. त्यावरून आजचा भाव चुकीचा ठरत नाही.

सुरुवात सगळ्या बिलांपासून करू नका. बाबांना विचारून आठवड्याला सगळ्यात जास्त जाणाऱ्या दहा जिनसा लिहून घ्या आणि त्यांचीच शेवटच्या तीन महिन्यांची बिलं काढा. उधारीच्या वहीतला भाव शेजारी मांडा. पहिली जिन्नस साखरच घ्या, आणि पन्नासने भागण्याआधी आज संध्याकाळी बांधलेल्या वीस पुड्या पुन्हा काट्यावर ठेवून पाहा. बाबांना आधी सांगून हे करा. त्यांच्या मागे वजनं तपासलेली त्यांना आवडणार नाहीत, आणि फुकटच्या नगांची, बंद पडलेल्या स्कीमची, कुठल्या गिऱ्हाईकाला काय भाव दिला याची माहिती त्यांच्याशिवाय कोणाकडेही नाही.